चातुर्मासातील पोट आणि दोन प्रकारचे तंतू

चातुर्मास लागला की सोलापुरातील जैन घरांच्या स्वयंपाकघरातून पालेभाजी उठते. मेथी, अंबाडी, चुका, चाकवत, शेपू यांची जागा डाळी, बेसन, शेंगदाणे, पापड आणि सांडगे घेतात. कंदमुळे बाराही महिने वर्ज्य असतात. अष्टमी-चतुर्दशीला अनेक घरांत हिरवी फळभाजीही चुलीवर चढत नाही. सूर्यास्तानंतर अन्न नाही, आणि ज्यांचा चौविहार असतो त्यांना पाणीही नाही. पंधरा-वीस दिवस उलटले की घरातील वडीलधारी मंडळी एकमेकांना दबक्या आवाजात विचारू लागतात, “पोट साफ होते का?” कुणाला तीन दिवस शौचास होत नाही, कुणाचे पोट दुपारनंतर ढोलासारखे फुगते, तर पावसाळी हवेत कुणाला जुलाब लागतात. तिघांनाही शेजारपाजारचा सल्ला मात्र एकच मिळतो, “तंतुमय खा.” या सल्ल्याने तिघांपैकी एखाद्याचे भले होते आणि उरलेल्यांचा त्रास बहुधा वाढतो, कारण ‘तंतू’ या एका शब्दाखाली अगदी वेगळ्या स्वभावाचे पदार्थ येतात.

धान्य, डाळ, भाजी आणि फळ यांतील जो भाग माणसाच्या पाचक रसांना फोडता येत नाही आणि जसाच्या तसा मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो, तो आहारातील तंतू. त्याचे दोन प्रकार पुस्तकांत सांगितलेले असतात. एक पाण्यात विरघळून किंवा फुगून बुळबुळीत होणारा, म्हणजे विद्राव्य. इसबगोल भिजवल्यावर होणारी खळ, भेंडी चिरताना हाताला लागणारी तार, भिजलेल्या मेथीदाण्यांचा चिकटपणा ही त्याची रोजच्या पाहण्यातली रूपे. दुसरा पाण्यात न विरघळणारा, म्हणजे अविद्राव्य. गव्हाचा कोंडा, ज्वारीच्या दाण्याचे बाहेरचे कवच, पालेभाजीचे देठ, फळांची साल यांत तो अधिक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात आणि त्यांपैकी आठ ग्रॅमांहून अधिक न विरघळणारे असतात. मंगळवेढ्याच्या मालदांडीवर वाढलेल्या सोलापूरकरांच्या पोटाला हा दुसरा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा आहे.

तथापि विरघळणे न विरघळणे ही प्रयोगशाळेतील कसोटी आहे. आतड्याच्या दृष्टीने दोन प्रश्न अधिक मोलाचे असतात. हा तंतू पाणी धरून ठेवतो का, आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याला आंबवतात का? डाळी-कडधान्यांतील काही शर्करा व विद्राव्य तंतू जिवाणूंना फार प्रिय असतात. ते त्यांवर तुटून पडतात आणि त्या आंबण्यातून वायू तयार होतो. इसबगोल विद्राव्य आहे, पाणी भरपूर धरतो, पण जिवाणू त्याला फारसे हात लावत नाहीत, त्यामुळे ती खळ शेवटपर्यंत टिकते. कोरड्या, कठीण मळात ती ओलावा राखते आणि पातळ मळातील सुटे पाणी शोषून त्याला आकार देते. एकच वस्तू मलावरोधालाही चालते आणि जुलाबालाही, यातले कोडे एवढेच आहे. कोंड्याचे काम निराळे. त्याचे जाडसर कण आतड्याच्या अस्तरावर घासतात, त्याने चिडून अस्तर पाणी व श्लेष्म सोडते आणि मळ पुढे सरकतो. म्हणून कोंडा जाड हवा. अगदी बारीक दळलेला कोंडा घासत नाही, नुसताच मळात मिसळतो आणि त्याला अधिक घट्ट करू शकतो. बाजारात मिळणाऱ्या कोंड्याच्या पुड्यांतील कण बोटांत चोळून पाहिले तर हा फरक लगेच कळतो.

आता एका घरातील सासूबाईंचे उदाहरण घ्यावे. वय बासष्ट, प्रकृती एरवी ठीक, रक्तदाबाची एक गोळी, चातुर्मासात पालेभाजीचा त्याग आणि रात्री चौविहार. चातुर्मासापूर्वी त्यांच्या रोजच्या जेवणात दोन भाकऱ्या असत. एका भाकरीला साधारण साठ ग्रॅम पीठ लागते, म्हणजे दोन भाकऱ्यांतून बारा ग्रॅम तंतू. वाटीभर मेथी किंवा अंबाडीतून चार-पाच, तुरीच्या वरणातून तीन, पपईसारख्या फळातून चार आणि पोहे-भातातून दोन. बेरीज पंचवीसच्या आसपास. प्रौढ माणसाला दिवसाला पंचवीस ते तीस ग्रॅम तंतू असावेत असे सामान्यतः सांगितले जाते, तेव्हा हिशेब ठीक होता.

चातुर्मासात पालेभाजी गेली, हे सर्वांना दिसते. तिच्यामागोमाग भाकरीही गेली, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. भाजीवाचून दुसरी भाकरी उतरत नाही, म्हणून ताटात एक भाकरी आणि आमटी-भात आला. संध्याकाळी सूर्यास्ताच्या घाईत पिठले. नवा हिशेब असा झाला: भाकरीतून सहा ग्रॅम, भातातून दोन, वरणातून तीन, पिठल्यातून पाच-सहा. एकूण सोळा-सतरा. त्यातही ज्वारीचा खरखरीत तंतू निम्म्यावर आला आणि वायू करणारा हरभऱ्याचा वाढला. पाण्याची गोष्ट तर आणखी बिघडली. सकाळी नवकारशीनंतर, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, पाण्याला सुरुवात होते आणि सूर्यास्ताला ते थांबते. श्रावणात सोलापुरात हा काळ सुमारे बारा तासांचा भरतो. पण त्यांपैकी दोन-अडीच तास देवदर्शन, अभिषेक व प्रवचनात जातात, पाणी उकळून गार करण्याची वाट पाहावी लागते आणि दुपारी झोप असते. पूर्वी आठ पेले होणारे पाणी पाचांवर येते.

तीन दिवस शौचास झाले नाही म्हणून सासूबाईंना नात्यातल्या कुणी गव्हाचा कोंडा दिला. त्या रोज तीन मोठे चमचे कोंडा ताकात घालून घेऊ लागल्या. कागदावर तंतू पाच ग्रॅमने वाढून बावीसपर्यंत गेले. पोट मात्र चौथ्या दिवशी अधिकच दगडासारखे झाले, दुपारी वाताने छातीपर्यंत दाटू लागले आणि शौचाला कुंथावे लागू लागले. कोंडा बारीक होता आणि त्याला ओलावा द्यायला पाणी नव्हते. ज्या तंतूला पाणी मिळत नाही, तो आतड्यात कोरड्या भुशासारखा दाटून बसतो. मळ अडला की त्याच्यामागे वायूही अडतो, म्हणून मलावरोध आणि पोटफुगी ही जोडीने येतात. आधी मळ मोकळा केल्यावाचून वायूवरचे ओवा-हिंगाचे उपाय वरवरचेच ठरतात.

अशा वेळी सुधारणेचा क्रम उलटा लावावा लागतो. प्रथम कोंडा बंद. त्यानंतर चार दिवस केवळ पाणी: सकाळी नवकारशी होताच दोन पेले कोमट, दुपारच्या जेवणापूर्वी दोन, तीन ते सूर्यास्त या वेळात चार. लघवी फिकट पिवळी झाली म्हणजे पाणी पुरते आहे असे समजावे. गडद असेल तर कोणताही तंतू वाढवण्याची वेळ अजून आलेली नाही. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांचे पाणी वैद्यांनी मोजून दिले आहे, त्यांनी हा आकडा वाढवण्याआधी त्यांना विचारलेच पाहिजे. चार दिवसांनंतर दुसरी भाकरी परत ताटात यावी, आणि तिच्यासोबत दुधी, दोडका, पडवळ किंवा उभी चिरून निरखून घेतलेली भेंडी. दुधी-दोडक्यात तंतू थोडे, पण पाणी पुष्कळ, आणि भाकरी त्यांच्या रसात बुडून मऊ होते. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ही सोलापूरची शान असली, तरी मलावरोध असणाऱ्याने ती आमटीत चुरून खावी. पिठले रोजचे न ठेवता आठवड्यातून दोनदा ठेवावे.

भाकरीच्या पिठाबाबत अनेक दिगंबर घरांत पाळली जाणारी मर्यादा इथे नकळत साहाय्य करते. पावसाळ्यात तीन दिवसांचे, उन्हाळ्यात पाच दिवसांचे आणि हिवाळ्यात सात दिवसांचे पीठ वापरण्याचा नियम असल्याने धान्य गिरणीवर वारंवार जाते आणि पीठ ताजे, कवचासह मिळते. मात्र ते घरी आल्यावर बारीक चाळणीने चाळून भुसा टाकला, तर फायदा निम्मा बाहेर जातो. किडा-जाळी पाहण्यासाठी चाळणे आवश्यकच आहे; त्यासाठी जाड चाळणी पुरते.

एवढ्यानेही मोकळे झाले नाही तर इसबगोल. येथे पुडीवर छापलेली सूचना जैन घरासाठी अडचणीची आहे. तीत ‘रात्री झोपताना’ असे असते. रात्री पाणी वर्ज्य असलेली व्यक्ती मग ते सूर्यास्ताच्या पाच-दहा मिनिटे आधी दोन घोटांबरोबर गिळते, आणि ही गोष्ट खरोखर धोक्याची आहे. इसबगोल आपल्या आकाराच्या अनेक पटींनी फुगतो. पाणी अपुरे असेल तर तो अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतो किंवा आतड्यात गोळा होऊन वाट बंद करू शकतो. त्याची योग्य वेळ सकाळी नवकारशीनंतर किंवा फार तर दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे पुढे पाणी पिण्यास तीन-चार तास उरतात. चहाचा अर्धा चमचा इसबगोल पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून, घट्ट होण्याआधी लगेच प्यावा आणि वर दुसरा पेला पाणी घ्यावे. तीन दिवसांनी एक चमचा, आवश्यकता वाटली तर आठवड्याने दोन. परिणाम त्याच दिवशी होत नाही. दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी मात्रा दुप्पट करणाऱ्यांचे पोट फुगते आणि मग ते औषधालाच दोष देतात. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. ज्यांना गिळताना त्रास होतो त्यांनी तो घेऊ नये. ज्या दिवशी एकाशन आहे आणि पाणीही एकाच वेळी घेण्याचा नियम आहे, त्या दिवशी, तसेच उपवासाच्या दिवशी, तो पूर्ण टाळावा.

वैद्यांच्या कागदावर बद्धकोष्ठासाठी बहुधा अंजीर लिहिलेले असते. अंजीर उदुंबर वर्गातील फळ म्हणून जैन घरात अभक्ष्य. त्याच्या जागी दहा-बारा काळ्या मनुका चार तास भिजवून, त्या पाण्यासह घ्याव्यात, किंवा पिकलेली पपई खावी. सोलापूरच्या डाळिंबाचे दाणे बियांसकट चावून खाल्ले तर त्यातही खरखरीत तंतू मिळतो. त्याचा रस काढून गाळला की तो भाग चोथ्यात जातो.

वायूची तक्रार मुख्य असेल तर जैन स्वयंपाकघराची एक बाजू आधीच जमेची आहे. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने आतड्यात आंबणाऱ्या शर्करा कमी करणारा जो आहार तयार केला, त्यात कांदा आणि लसूण हे सर्वांत आधी वगळण्याच्या पदार्थांत येतात. हे दोन्ही जैन ताटात मुळातच नसतात. त्यामुळे संशय उरतो तो डाळी-कडधान्ये, दूध आणि काही जणांच्या बाबतीत गहू यांवर. यांचा शोध एकेक करून घ्यावा. दूध व बासुंदी-खीर एक आठवडा बंद करून पोट हलके वाटते का ते पाहावे. नाही वाटले तर दूध पुन्हा सुरू करून हरभरा, वाटाणा, राजमा, चवळी यांना विश्रांती द्यावी आणि सालीविना मुगाची डाळ ठेवावी. सगळेच एकदम बंद केले तर दोषी कोण ते कधीच कळत नाही, आणि ताटात मग खाण्यासारखेही काही उरत नाही.

कडधान्य सोडायचे नसेल तर ते करण्याची पद्धत बदलावी. वायू करणाऱ्या शर्करा पाण्यात उतरतात, म्हणून भिजवलेले पाणी फेकून द्यायचे असते. मोड आलेले कडधान्य अनंतकाय मानून न खाणारी आणि रात्रभर भिजत न ठेवणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी सकाळी कडधान्याला भरपूर पाण्यात एक उकळी आणून, आच बंद करून, झाकून तासभर ठेवावे. ते पाणी टाकून नव्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवावे. अर्धवट शिजलेला हरभरा पोटाला फार जड जातो. कोणताही तंतू वाढवायचा तो दोन-तीन आठवड्यांत हळूहळू, कारण आतड्यातील जिवाणूंना नव्या अन्नाची सवय होण्यास तेवढा काळ लागतो. पहिल्या आठवड्यात थोडा वात वाढणे स्वाभाविक आहे. तिसऱ्या आठवड्यातही तो तेवढाच राहिला तर तो पदार्थ त्या व्यक्तीला मानवत नाही.

जुलाब झाले असता हे सर्व गणित फिरते. भाकरी, कोंडा, डाळिंबाच्या बिया, साली, मेथी आणि मनुका या काळात नकोत. आधीच घाईत असलेल्या आतड्याला त्या अधिक पळवतात. मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, शिजवलेले सफरचंद आणि कच्चे केळे हे उपयोगी. जैन घरात बटाट्याच्या जागी भाजीत, वेफर्समध्ये, वड्यात वापरले जाणारे हेच कच्चे केळे जुलाबावर गुणकारी ठरल्याचा चांगला पुरावा आहे. ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रात दीर्घकाळ जुलाब असलेल्या बालकांना शिजवलेले कच्चे केळे किंवा फळांतील पेक्टिन तांदळाच्या आहारात मिसळून देण्यात आले. नुसत्या तांदळाच्या आहारावर असलेल्या मुलांपेक्षा त्यांचे जुलाब लवकर आटोक्यात आले. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. कच्च्या केळ्यातील पिष्ट लहान आतड्यात पचत नाही. ते मोठ्या आतड्यात आंबते आणि त्यातून जी आम्ले तयार होतात, ती आतड्याच्या अस्तराला पाणी व मीठ परत शोषून घेण्यास मदत करतात. जे आंबणे पोटफुगी असलेल्याला नकोसे, तेच जुलाब झालेल्याच्या उपयोगी पडते. केळे सालीसकट उकडून, सोलून, मऊ भातात कालवावे. वर मीठ आणि जिऱ्याची पूड. याच्यासोबत मर्यादेतले ताक चालते. मुगाच्या खिचडीवर मात्र कच्चे दही-ताक द्विदलाच्या नियमाने घेता येत नाही, हे घाईत विसरले जाते. इसबगोल द्यायचा असल्यास एक चमचा अर्ध्या वाटी दह्यात, आणि पाणी नेहमीसारखे वरून.

तंतू जुलाबाला आकार देतात. शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढत नाहीत. त्यासाठी क्षार-साखरेचे पाकीट उकळून गार केलेल्या पाण्यात, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच, पुन्हा पुन्हा द्यावे लागते. तोंड कोरडे पडले, लघवी सहा-आठ तास झाली नाही, उठताना भोवळ आली, तर सूर्यास्त झाला म्हणून पहाटेपर्यंत थांबणे म्हाताऱ्या माणसाच्या आणि मुलाच्या जिवावर बेतू शकते. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणाच्या पाठातच आजारपणासारख्या प्रसंगासाठी आगार, म्हणजे सूट, सांगितलेली आहे. व्रत घेतानाच घरच्यांनी महाराजांना किंवा पंडितजींना हे विचारून ठेवावे. रात्री अकरा वाजता त्यावर वाद घालत बसण्याची वेळ येऊ नये.

काही लक्षणे तंतूंच्या कक्षेबाहेरची आहेत. शौचावाटे रक्त, न कळत घटणारे वजन, पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, जुलाबासोबत ताप, किंवा पोट ताठ फुगून उलट्या होणे व वायूही न सरणे, यांत आहारात बदल करत दिवस घालवू नयेत. शेवटच्या प्रकारात तर कोणताही तंतू देणे घातक आहे. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांनी मलावरोध होतो आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांनी जुलाब, हेही डॉक्टरांकडून पडताळून घ्यावे. सासूबाईंच्या बाबतीत रक्तदाबाची गोळीही पाहावी लागेल, कारण तिच्या काही प्रकारांनी मळ घट्ट होतो.

राहिला प्रश्न पर्युषण आणि दशलक्षणातील पारण्याचा. आठ-दहा दिवसांच्या उपवासानंतर आतडे निजलेले असते. पहिल्या दिवशी मुगाचे पाणी आणि पातळ मऊ भात, दुसऱ्या दिवशी दुधीची मऊ भाजी, आणि भाकरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तीही अर्धी, आमटीत भिजवून. उपवासात शौचास न होणे हा मलावरोध नव्हे, पोटात काही गेलेलेच नसते. पारण्याच्याच दिवशी इसबगोल किंवा मनुकांचा मारा केल्याने कळा येऊन पातळ शौचाला होते. त्या दिवशी पाणी थोडे थोडे प्यावे, आणि पोट आपोआप हलण्यास दोन दिवस द्यावेत.